फोटोतल्या उतरणीवरचे तीन बाण

अकरावीच्या मुलांच्या मोबाइलमध्ये वहीच्या पानांचे फोटो ढिगाने साठलेले असतात. तास बुडला की मैत्रिणीच्या वहीचा फोटो येतो, सरांनी फळ्यावर काढलेली आकृती पुसण्याआधी टिपलेली असते, शंका विचारायची तर स्वतःच्याच वहीचा फोटो पाठवला जातो. या ढिगात एक आकृती हमखास सापडते. खाली काटकोन त्रिकोण, म्हणजे उतरण. तिच्या तिरक्या बाजूवर बसलेला ठोकळा. आणि ठोकळ्यातून वेगवेगळ्या दिशांना निघालेले बाण. हीच ती फ्री बॉडी डायग्राम, मुलांच्या भाषेत एफबीडी. ठोकळ्याला आजूबाजूच्या सगळ्या वस्तूंपासून मनाने वेगळं काढायचं आणि त्या वस्तू त्याच्यावर जी बलं लावतात तेवढीच बाणांनी दाखवायची, असा तिचा नियम आहे.

कागदावरची आकृती वाचणं आणि तिचा फोटो वाचणं यात फरक आहे. फोटोत कोन बदलतात, लांब्या बदलतात, फिक्या रेषा नाहीशा होतात. आकृती बरोबर असूनही फोटोत चुकीची दिसते आणि विद्यार्थी बरोबर उत्तर खोडून टाकतो. म्हणून फोटोत काय बिघडतं आणि काय शाबूत राहतं हे एकदा नीट समजून घ्यायला हवं. शाबूत राहणाऱ्या गोष्टी थोड्याच आहेत, पण उतरणीवरच्या ठोकळ्यासाठी त्या पुरतात.

एक ठरावीक उदाहरण घेऊ. २ किलोग्रॅमचा ठोकळा ३० अंशांच्या खडबडीत उतरणीवर स्थिर बसला आहे. उतरण डावीकडून उजवीकडे चढत जाते. गुरुत्वीय त्वरण सोयीसाठी १० धरलं, तर ठोकळ्याचं वजन २० न्यूटन होतं. वहीत १ सेंटिमीटर म्हणजे ४ न्यूटन असं प्रमाण घेऊन बाण काढले आहेत. वजनाचा बाण सरळ खाली, ५ सेंटिमीटरचा. उतरणीचा पृष्ठभाग ठोकळ्याला स्वतःपासून काटकोनात ढकलतो. ते लंब बल, वर्गात ज्याला सगळे नॉर्मल म्हणतात आणि आकृतीत N लिहितात, ते १७.३ न्यूटन, म्हणून त्याचा बाण ४.३ सेंटिमीटरचा. घर्षण बल f उतरणीला समांतर, चढाच्या दिशेने, १० न्यूटन, म्हणजे अडीच सेंटिमीटर. बाण तीनच. चौथा बाण या ठोकळ्यावर लागत नाही, कारण त्याला स्पर्श करणारी वस्तू एकच आहे, उतरण. आणि स्पर्शाविना खेचणारीही एकच, पृथ्वी. उतरणीने लावलेलं बल आपण सोयीसाठी दोन भागांत दाखवतो, लंब आणि घर्षण.

आता या पानाचा फोटो काढू. वही टेबलावर आहे, मूल खुर्चीत बसलं आहे, मोबाइल पानाच्या बरोबर वर न धरता स्वतःच्या बाजूने थोडा कलता धरला आहे. हा कल ३० अंशांचा असेल, तर पानाची उभी दिशा फोटोत सुमारे १३ टक्क्यांनी दबते. आडवी दिशा तशीच राहते. याचा परिणाम काय होतो ते पाहा. ३० अंशांची उतरण फोटोत २७ अंशांच्या आसपास दिसते. वजनाचा बाण ५ सेंटिमीटरच्या प्रमाणात असायचा तो ४.३ च्या प्रमाणात येतो. लंब बल ४.३ वरून ३.९ वर, घर्षण अडीचवरून २.४ वर. प्रत्येक बाण वेगळ्या मापाने आखडला, कारण प्रत्येकाची दिशा वेगळी आहे. आणि सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे उतरण आणि N यांच्यामधला काटकोन फोटोत ९७ अंशांचा झाला. मोबाइलच्या काचेवर कोनमापक ठेवून पाहणारा विद्यार्थी म्हणेल, नॉर्मल लंब काढलेला नाही. प्रत्यक्षात वहीत तो चोख लंब आहे.

मोबाइल पानाच्या बरोबर वर धरला आणि फोटो नुसता फिरला, आडवा किंवा तिरपा आला, तर घाबरायचं कारण नाही. फिरण्याने बाणांमधले आपसातले कोन बदलत नाहीत. कोन बिघडतात ते कॅमेरा कलल्याने. कल ओळखायचा तर आकृतीकडे न पाहता पानाकडे पाहावं. वहीच्या कोपऱ्यांचे कोन काटकोन दिसतात का, पानाच्या समोरासमोरच्या कडा समांतर आहेत का, चौकटीच्या वहीतले चौकोन चौरसच दिसतात का. हे पाहिल्याशिवाय फोटोवर कोन मोजू नये.

मग फोटोत शाबूत काय राहतं? समांतर रेषा. आकृती पानाचा लहानसा भाग व्यापत असेल आणि फोटो अगदी जवळून काढलेला नसेल, तर वहीत ज्या दोन रेषा समांतर होत्या त्या फोटोतही जवळजवळ समांतर राहतात, मग कॅमेरा कितीही कललेला असो. कोन बिघडेल, लांबी बिघडेल, समांतरपणा टिकेल. उतरणीच्या आकृतीचं सुदैव असं की तिन्ही बाणांना चित्रातच एकेक समांतर सोबती असतो.

वजनाच्या बाणाचा सोबती म्हणजे वहीचा समास. आखीव वहीत उतरणीचा पाया आडव्या ओळीवर काढला असेल, तर ओळंब्याची दिशा समासाच्या उभ्या रेघेची दिशा असते. वजन त्या रेघेला समांतर असलं पाहिजे. ते उतरणीला लंब असण्याचं काही कारण नाही, तरी अशी चूक पुष्कळ दिसते, कारण ठोकळा तिरका काढल्यावर हात आपोआप त्याच्या तळाकडे वळतो. घर्षणाचा सोबती उतरणीची रेघ स्वतः. आणि नॉर्मलचा सोबती म्हणजे ठोकळ्याची बाजूची कड. ठोकळा आयताकार काढला आहे, त्याचा तळ उतरणीवर टेकलेला आहे, म्हणजे त्याच्या दोन बाजू उतरणीला लंब आहेत. N चा बाण त्या कडांना समांतर हवा. आपल्या फोटोत N उतरणीशी ९७ अंश करतो, पण ठोकळ्याची कडही उतरणीशी ९७ अंशच करते. दोघं बरोबरच कलले, म्हणून बाण बरोबर आहे. कड ९७ आणि बाण ६३ अंशांवर उभा दिसला, तर मात्र तो वहीतच चुकला आहे. त्या फोटोत ६३ अंश म्हणजे समासाला समांतर, म्हणजे मुलाने नॉर्मल सरळ वर काढून ठेवलं आहे, जणू ठोकळा सपाट टेबलावर आहे.

दिशा पाहून झाल्यावर प्रत्येक बाणाचं नाव लावायचं. बाणाचं नाव म्हणजे नुसतं अक्षर नव्हे. कोणी, कोणावर, हे दोन्ही सांगता आलं पाहिजे. पृथ्वीने ठोकळ्यावर, उतरणीने ठोकळ्यावर. ज्या बाणाला ‘कोणी’ सांगता येत नाही तो या आकृतीतला नाही. फोटोत असे पाहुणे बाण बरेच असतात. ठोकळ्याच्या शेजारी v लिहिलेला बाण वेगाचा असतो, ma किंवा a लिहिलेला त्वरणाचा. दोन्ही बलं नव्हेत, ती कोणी लावलेली नाहीत. शिस्तीने काढणारे त्यांना ठोकळ्यापासून दूर ठेवतात. घाईत काढणारे ठोकळ्याला चिकटवतात आणि मग वाचणारा त्यांनाही बेरजेत धरतो.

सर्वांत जास्त गोंधळ घटकांच्या बाणांचा. वजनाचे दोन घटक, उतरणीच्या दिशेने खाली mg sin θ आणि उतरणीत लंब घुसणारा mg cos θ, बहुतेक शिक्षक तुटक रेषेने काढतात. कारण ते नवे बाण नाहीत, वजनाचाच बाण दोन तुकड्यांत मांडला आहे. कागदावर तुटक आणि सलग हा भेद स्पष्ट असतो, किंवा घटक लाल शाईत असतात. फोटो स्कॅन करणाऱ्या ॲपने पान काळं-पांढरं केलं की लाल-काळा भेद गेला. पेन्सिलीची फिकी तुटक रेघ एकतर पुसली गेली किंवा सलग झाली. मग चित्रात पाच ठसठशीत बाण दिसतात आणि विद्यार्थी पाचही मोजतो. वजन दोनदा मोजलं जातं, एकदा अख्खं, एकदा तुकड्यांनी. ओळखायची खूण सोपी आहे: mg sin θ आणि mg cos θ यांच्या टोकांतून काढलेला आयत वजनाच्या बाणाला कर्ण बनवतो. तसं असेल तर तीन बाणांपैकी एक खरा, दोन त्याचे घटक. एकतर वजन ठेवा, नाहीतर घटक.

घर्षणाचा बाण अनेकदा हरवतोही. तो ठोकळ्याच्या तळाशी, उतरणीच्या रेघेवरच काढलेला असतो, त्यामुळे फोटोत रेघ आणि बाण एक होतात. फोटो मोठा करून उतरणीची रेघ कुठे जाड झाली आहे ते पाहावं, आणि जवळ कुठे f चं अक्षर आहे का ते शोधावं. बाणाचं टोक अस्पष्ट असेल तर मात्र नुसत्या डोळ्यांवर विसंबून चालणार नाही. तिथे एक जुनी, फार सुंदर कसोटी उपयोगी पडते.

स्थिर वस्तूवरची सगळी बलं मिळून शून्य झाली पाहिजेत. बाणांच्या भाषेत याचा अर्थ असा: एका बाणाच्या टोकाला दुसऱ्याची शेपटी, दुसऱ्याच्या टोकाला तिसऱ्याची शेपटी जोडत गेलं की शेवटचं टोक पहिल्या शेपटीवर येऊन मिळालं पाहिजे. तीन बाणांचा बंद त्रिकोण व्हायला हवा. उतरणीवरचा हा समतोल पक्क्या युक्तिवादाने मांडला सायमन स्टेविन या फ्लेमिश गणितज्ञाने, १५८६ मध्ये लायडनला छापलेल्या ग्रंथात. दोन्ही बाजूंना वेगवेगळा चढ असलेल्या त्रिकोणी ठोकळ्याभोवती सारख्या गोळ्यांची माळ टाकली आहे, अशी त्याने कल्पना केली. माळ आपोआप फिरत राहील का? फिरली तर कायम फिरत राहावी लागेल, कारण प्रत्येक क्षणी तिची स्थिती पहिल्यासारखीच असते. आणि तसं होत नाही. मग खाली लोंबणारा सममित भाग काढून टाकला तरी वरचा तोल टिकतो. म्हणजे लांब, सौम्य उतारावरचे जास्त गोळे छोट्या, तीव्र उतारावरच्या कमी गोळ्यांना तोलून धरतात. वजनाचा उतरणीच्या दिशेचा वाटा चढावर कसा अवलंबून असतो, हे न्यूटनच्या आधी शंभर वर्षं या माळेने दाखवलं.

बंद त्रिकोणाची ही कसोटी फोटोत टिकते, आणि ही गोष्ट मला या विषयातली सर्वांत मोलाची वाटते. कॅमेऱ्याच्या कलाने कोन बिघडले, तिन्ही लांब्या वेगवेगळ्या प्रमाणात आखडल्या, तरी त्रिकोण उघडत नाही. आपल्या फोटोतले आकडे तपासून पाहू. N चा बाण दबल्यानंतर २.१७ सेंटिमीटर डावीकडे आणि ३.२५ वर जातो. घर्षणाचा बाण २.१७ उजवीकडे आणि १.०८ वर. डावं-उजवं फिटलं. वर जाणाऱ्यांची बेरीज ४.३३, आणि वजनाचा आखडलेला बाण ४.३३ खाली. त्रिकोणाचा आकार बदलला, तो काटकोनही राहिला नाही, पण बंद राहिला. कारण सरळ आहे. कललेला कॅमेरा एका दिशेतली सगळी मापं एकाच पटीने लहान करतो. त्या दिशेत वर जाणाऱ्या लांब्यांची बेरीज खाली जाणाऱ्या लांबीइतकी होती, तर सगळ्यांना त्याच पटीने लहान केल्यावरही ती तेवढीच राहणार. मोबाइल पानाच्या अगदी जवळ नेऊन काढलेल्या फोटोत, जिथे पानाच्या समांतर कडा डोळ्यांदेखत एकमेकींकडे झुकतात, तिथे ही हमी सुटते.

कसोटी वापरताना एक अट पाळावी लागते. बाण प्रमाणात काढलेले हवेत. वर्गातल्या घाईच्या आकृत्या बहुधा तशा नसतात. तिथे लांबी अंदाजाने काढलेली असते आणि पट्टीने मोजून काही हाती लागत नाही. अशा आकृतीत बाणांशेजारी लिहिलेले आकडे घेऊन हीच बेरीज करावी.

त्रिकोण बंद झाला नाही, तर उरलेली फट वाचता येते. समजा फोटोत घर्षणाचा बाण दिसतच नाही. वजन आणि N जोडले तर शेवटच्या टोकापासून सुरुवातीच्या शेपटीपर्यंत १० न्यूटनची फट राहते, आणि ती उतरणीला समांतर असते. ही फट समांतर असणं महत्त्वाचं आहे. ती दोन गोष्टींपैकी एक सांगते: एकतर उतरण गुळगुळीत आहे आणि ठोकळा ५ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाने खाली घसरतो आहे, किंवा ठोकळा स्थिर आहे आणि घर्षणाचा बाण फोटोत हरवला आहे. प्रश्नाचं वाक्य वाचलं की निकाल लागतो. पण फट उतरणीला समांतर नसेल, तर आकृतीच चुकली आहे. कारण ठोकळा उतरणीच्या आत शिरत नाही आणि वर उडतही नाही. लंब दिशेत फट उरूच शकत नाही. N ची किंमत सवयीने mg, म्हणजे २० न्यूटन लिहिली, की २.७ न्यूटनची फट उतरणीपासून बाहेरच्या दिशेला उघडते. आकृती म्हणते ठोकळा हवेत उचलला जातोय, प्रश्न म्हणतो तो बसला आहे.

अशीच दुसरी चूक घर्षणात होते. समजा स्थितिक घर्षण गुणांक ०.७ दिला आहे. विद्यार्थी लगेच ०.७ गुणिले १७.३ करतो आणि f शेजारी १२.१ लिहितो. त्रिकोण जोडला तर २.१ न्यूटनची फट निघते, उतरणीला समांतर, चढाच्या दिशेने. स्थिर ठोकळा आपणहून वर चढतो आहे, असं ही आकृती सांगते. १२.१ ही घर्षणाची कमाल मर्यादा आहे. घर्षण लागेल तेवढंच उभं राहतं, आणि इथे १० लागतं.

आणि म्हणूनच घर्षणाच्या बाणाची दिशा सवयीने ठरवू नये. याच ठोकळ्याला दोरीने चढाच्या दिशेने १५ न्यूटन ताण दिला, तर वजनाचा उतरणीवरचा वाटा १०, ताण १५, आणि तोल राखायला घर्षण ५ न्यूटन खालच्या दिशेने लागतं. फोटोत बाणाचं टोक पुसट असेल तर आधी बाकीचे बाण जोडावेत. फट ज्या दिशेने भरायची आहे ती घर्षणाची दिशा. ठोकळा घसरत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे फट भरायची नसते, घर्षण घसरण्याच्या उलट असतं. खालून ढकलून सोडलेला ठोकळा वर जात असताना त्याच्यावर ढकलणारं बल नसतं, हात केव्हाच सुटलेला आहे. वजन आणि N आहेतच, आणि घर्षण खाली. अशा फोटोत चढाकडे जाणारा बाण दिसला तर तो वेगाचा आहे का ते आधी पाहावं.

शेवटी शेपट्यांबद्दल. बहुतेक आकृत्यांत तिन्ही बाण ठोकळ्याच्या मध्यातून निघतात. ठोकळा सरकेल की नाही एवढंच विचारलं असेल तर हे पूर्ण चालतं, कारण तिथे ठोकळा बिंदू मानला आहे. पण एखाद्या फोटोत N ची शेपटी ठोकळ्याच्या तळावर, मध्यापासून थोडी उताराकडे सरकलेली दिसली, तर तिला चूक ठरवू नका. ती जास्त काळजीने काढलेली आकृती आहे. ठोकळा कलंडू नये म्हणून तिन्ही बलांच्या रेषा एकाच बिंदूत मिळाव्या लागतात. वजनाची रेषा मध्यातून सरळ खाली जाते, घर्षण तळावर आहे, म्हणून वजनाची रेषा तळाला जिथे छेदते तिथूनच N निघालं पाहिजे. आपला ठोकळा १० सेंटिमीटर रुंद आणि ८ सेंटिमीटर उंच असेल, तर ही जागा तळाच्या मध्यापासून २.३ सेंटिमीटर उताराकडे येते. तेवढाच रुंद पण २० सेंटिमीटर उंच ठोकळा घेतला, तर ती ५.८ सेंटिमीटरवर जाते, आणि तळ मध्यापासून ५ सेंटिमीटरवरच संपतो. त्रिकोण तेव्हाही अचूक बंद होतो, घर्षणही पुरेसं असतं, पण N ला उभं राहायला तळावर जागाच नसते आणि ठोकळा उताराच्या बाजूला कलंडतो. सगळे बाण मध्यातून काढलेल्या फोटोत याचा काहीच पत्ता लागत नाही.